दिव्यांग मंडळासाठी घरच्यांचं पत्र: मानसिक आजारातली अडचण नेमकी कशी लिहावी

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रासाठी मी दोनदा पत्र लिहिलं, एकदा 2023 साली आणि एकदा 2024 साली. पहिलं पत्र लिहिताना मी रडले होते आणि ते पत्र वाचणाऱ्यालाही रडू यावं अशी माझी इच्छा होती. त्यात एक वाक्य होतं: ‘तो स्वतःचं काहीच करू शकत नाही.’ मंडळातल्या डॉक्टरांनी ते वाचलं आणि भावाला विचारलं, ‘जेवण कोण भरवतं?’ तो म्हणाला, ‘मीच जेवतो.’ ‘कपडे?’ ‘मीच घालतो.’ दोन्ही उत्तरं खरी होती. माझं वाक्य खोटं ठरलं आणि त्यानंतर त्या पत्रातल्या बाकीच्या खऱ्या गोष्टींकडेही कुणी पाहिलं नाही. प्रमाणपत्रावर 30 टक्के आले.

दुसऱ्या पत्रात मी एकही विशेषण वापरलं नाही. ते पत्र कसं लिहिलं, हे इथे सविस्तर सांगते. मानसिक आजाराबद्दलच लिहिते आहे, कारण या अर्जांत घरच्यांच्या शब्दाला सगळ्यात जास्त वजन असतं. पाय किंवा डोळा डॉक्टर स्वतः तपासून मोजू शकतात. माणूस महिन्यातून किती दिवस आंघोळ करतो, हे त्यांना घरच्यांनी सांगितल्याशिवाय कळायचं कसं?

मंडळ नेमकं काय मोजतं

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि मानसिक आजार हा त्यातला एक. बहुतेक योजना आणि आरक्षणासाठी किमान 40 टक्के लागतात. मानसिक आजारात हे टक्के ठरवण्यासाठी ‘आयडियाज’ नावाची मोजपट्टी वापरतात. भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांनीच ती तयार केली आहे. ही पट्टी समजून घेतली की पत्रात काय लिहायचं आणि काय गाळायचं, हे बरंचसं आपोआप ठरतं.

ती चार बाबी पाहते. पहिली, स्वतःची काळजी: आंघोळ, दात, कपडे, जेवण, स्वतःची तब्येत. दुसरी, माणसांशी वागणं: घरच्यांशी, शेजाऱ्यांशी, अनोळखी लोकांशी. तिसरी, बोलणं आणि समजणं. चौथी, काम, आणि काम म्हणजे फक्त नोकरी नव्हे, गृहिणीचं घरकाम आणि विद्यार्थ्याचा अभ्यासही त्यात धरतात. यातल्या एकाच भूमिकेचे गुण मोजले जातात. प्रत्येक बाबीला 0 ते 4 गुण असतात. 0 म्हणजे अडचण नाही, 4 म्हणजे जवळजवळ पूर्ण अडचण.

या चारांत आजार किती वर्षांचा आहे, त्याचे गुण मिळवतात. दोन वर्षांपेक्षा कमी असेल तर 1, दोन ते पाच वर्षांना 2, सहा ते दहाला 3 आणि दहाच्या वर 4. सगळी बेरीज जास्तीत जास्त 20 होते. बेरीज 1 ते 6 आली तर दिव्यांगत्व 40 टक्क्यांच्या खाली राहतं. 7 ते 13 आली तर 40 ते 70 टक्के, 14 ते 19 ला 71 ते 99, आणि 20 ला 100 टक्के.

या आकड्यांवरून एक गोष्ट पाहा. पहिल्या वेळी भावाला चारही बाबींत प्रत्येकी 1 गुण मिळाला होता आणि मुदतीचे 2, म्हणजे बेरीज 6. मुदतीचे 2 का? कारण आम्ही फक्त सरकारी रुग्णालयातले 2019 पासूनचे कागद नेले होते. आजार प्रत्यक्षात 2012 सालापासून होता. सुरुवातीची दोन वर्षं तालुक्याच्या एका खाजगी डॉक्टरांकडे उपचार झाले होते आणि त्यांच्या चिठ्ठ्या आईच्या ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या खाली पडून होत्या. त्या चिठ्ठ्या सोबत असत्या तर बाकी काहीही न बदलता बेरीज 8 झाली असती. म्हणून पत्राला हात घालण्याआधी घरातला सगळ्यात जुना कागद शोधा. औषधांच्या दुकानाचं तारखेसह बिल, कॉलेज सोडल्याचा दाखला, कामावरून कमी केल्याचं पत्र, काहीही चालेल. मुदत सिद्ध करायला तोंडी सांगण्यापेक्षा कागद बरा.

आधी वही, मग पत्र

पत्र लिहायच्या महिनाभर आधीपासून मी एक वही ठेवली. रोज रात्री चार ओळी, वर सांगितलेल्या चार बाबींसाठी एकेक. ‘आज वाईट दिवस’ असं काही लिहायचं नाही असं मी स्वतःला बजावलं होतं. लिहायचं ते असं: ‘आंघोळ: सकाळी नऊला सांगितलं, अकराला सांगितलं, एकला आईने बादली भरून दिली तेव्हा केली. साबण लावला नाही.’

वहीचा मोठा उपयोग म्हणजे आपलाच गैरसमज दूर होतो. मी सगळ्यांना सांगत असे की तो आठवड्यातून एकदा आंघोळ करतो. 28 दिवसांत त्याने 11 वेळा केली असं निघालं. माझ्या मनात वाईट आठवडा ठसला होता. उलटही झालं. औषधं तो स्वतः घेतो असं मी समजत होते. वहीत रोज एकच नोंद येत राहिली: आईने गोळी हातावर ठेवली, पाणी दिलं, समोर उभी राहिली. बारा वर्षांत ती गोष्ट इतकी सवयीची झाली होती की ती मदत आहे हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबते. ‘करू शकतो का?’ आणि ‘करतो का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माझा भाऊ आंघोळ करू शकतो. हातपाय धड आहेत, पाणी तापवता येतं. पण तो स्वतःहून करत नाही, आणि ते आजारामुळे. स्किझोफ्रेनियात इच्छाशक्ती आणि सुरुवात करण्याची ताकदच क्षीण होते. आळस वेगळा आणि हे वेगळं. म्हणून प्रत्येक गोष्टीसाठी पत्रात तीन गोष्टी हव्यात: तो ती गोष्ट किती वेळा करतो, किती सांगावं लागतं, आणि कुणीच सांगितलं नाही तर काय होतं. तिसऱ्याचं उत्तर बहुधा घरातलं मुख्य माणूस गावाला गेलेलं असतं तेव्हा मिळतं. आई मामाकडे सहा दिवस गेली होती, मी कामावर होते. ती परत आली तेव्हा संध्याकाळच्या सहापैकी चार गोळ्या पाकिटात तशाच होत्या. ‘औषधं वेळेवर घेत नाही’ यापेक्षा ही एक ओळ डॉक्टरांना जास्त सांगते.

आजारामुळे काय आणि एरवीचं काय

इथे प्रामाणिक राहणं अवघड जातं, पण ते करायला हवं. भावाला स्वयंपाक येत नाही. पण तो आजाराआधीही येत नव्हता, आमच्या घरात मुलांना कुणी शिकवलाच नाही. ती आजाराची मर्यादा नाही, म्हणून ती पत्रात आली नाही. याउलट, तो 2011 मध्ये छापखान्यात मशीनवर काम करायचा, पगाराचा हिशेब स्वतः ठेवायचा. आज दुकानातून तीन वस्तू आणायला सांगितल्या तर एक आणतो आणि उरलेले पैसे मोजत नाही. हा बदल आजाराचा आहे. आधी काय जमत होतं आणि आता काय जमत नाही, हे एका वाक्यात शेजारी शेजारी ठेवलं की वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

औषधांचा परिणामही वेगळा लिहावा. भाऊ सकाळी दहापर्यंत झोपतो, ती गोळीची गुंगी आहे असं त्याच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे. ते तसंच लिहायचं. ‘डॉक्टरांच्या मते औषधामुळे’ असं लिहिलं की पत्र विश्वासार्ह होतं. कारण माहीत नसेल तर फक्त जे दिसतं ते लिहा. आजाराचं नाव, प्रकार, तीव्रता हे ठरवणं आपलं काम नाही. ‘तीव्र स्वरूपाचा स्किझोफ्रेनिया’ असं घरच्यांनी लिहिण्यात काही अर्थ नसतो, आणि ‘किमान 50 टक्के मिळावेत’ असं तर कधीच लिहू नये.

बायकांच्या बाबतीत एक खास चूक होते. ‘ती घरकाम करते’ असं सांगून मोकळं होतात. पण विचारून पाहा: भाजी चढवून ती विसरते का? पोळ्या सासू लाटते आणि ती फक्त भाजते का? मुलांना शाळेत न्यायचं काम तिच्याकडून कधी काढून घेतलं? चार माणसांनी वाटून घेतलेलं तिचं काम तिच्याच नावावर राहतं, आणि कागदावर तिला काहीच अडचण उरत नाही.

ज्यांचा आजार येतो-जातो, उदाहरणार्थ बायपोलर, त्यांनी चांगला काळ आणि वाईट काळ असे दोन्ही महिन्यांत मोजून लिहावेत. मोजपट्टीत गेल्या दोन वर्षांत किती महिने लक्षणं होती, हेही पाहिलं जातं. सगळा वेळ वाईटच असतो असं लिहाल तर ओपीडीच्या कागदावरची ‘तब्येत स्थिर’ ही नोंद ते लगेच खोडून काढेल.

पत्र

हे आमचं दुसरं पत्र. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. लांबी कागदाच्या दीड पानाएवढी आहे. त्याहून मोठं पत्र मंडळाच्या दिवशीच्या गर्दीत कुणी वाचणार नाही.

> प्रति,
> मा. अध्यक्ष, दिव्यांगत्व वैद्यकीय मंडळ,
> जिल्हा शासकीय रुग्णालय.
>
> विषय: अर्जदार श्री. …… यांच्या दैनंदिन अडचणींबाबत माहिती.
>
> महोदय,
>
> मी अर्जदाराची मोठी बहीण आहे. 2016 पासून आई, अर्जदार आणि मी एकाच घरात राहतो. खालील माहिती मी स्वतः पाहिलेली आहे. जी आईकडून कळली आहे, तिथे तसे लिहिले आहे. आकडे दि. 1 ते 28 जून 2024 या काळात रोज ठेवलेल्या नोंदींतून घेतले आहेत. हा महिना नेहमीसारखाच होता.
>
> आजाराची मुदत: 2012 च्या दिवाळीपासून अर्जदाराला आवाज ऐकू येणे व लोक आपल्याविषयी बोलतात असे वाटणे सुरू झाले. पहिला उपचार नोव्हेंबर 2012 मध्ये झाला (चिठ्ठी जोडली आहे). 2019 पासून याच रुग्णालयात उपचार चालू आहेत. गेल्या दोन वर्षांत लक्षणे पूर्ण गेली असा एकही महिना नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये सुमारे पाच आठवडे आणि जानेवारी 2024 मध्ये तीन आठवडे त्रास वाढला होता.
>
> स्वतःची काळजी: 28 दिवसांत अर्जदाराने 11 वेळा आंघोळ केली. त्यातील 2 वेळा स्वतःहून, 9 वेळा तीन किंवा अधिक वेळा सांगितल्यावर. आंघोळ टाळण्याचे कारण तो असे सांगतो की पाण्याच्या आवाजात त्याला बोलणे ऐकू येते. दात घासणे सांगितल्याशिवाय होत नाही. 2022 मध्ये दोन दाढा काढाव्या लागल्या. जेवण तो स्वतः जेवतो, पण भूक लागली म्हणून ताट मागत नाही. गोळ्या आई हातावर देते. मे महिन्यात आई सहा दिवस बाहेरगावी असताना संध्याकाळच्या 6 पैकी 4 गोळ्या घेतल्या गेल्या नाहीत.
>
> माणसांशी वागणे: आई आणि माझ्याशी तो बोलतो. घरी पाहुणे आले तर ते जाईपर्यंत आतल्या खोलीत राहतो. आजाराआधी त्याचे चार-पाच जवळचे मित्र होते; आता एकाशीही संपर्क नाही. गेल्या वर्षभरात शेजाऱ्यांशी दोन वेळा भांडण झाले, दोन्ही वेळा ते आपल्याविषयी बोलत आहेत असे त्याला वाटले. त्याने कुणाला मारहाण केलेली नाही.
>
> बोलणे व समजणे: विचारल्यास दोन-तीन शब्दांत उत्तर देतो. स्वतःहून विषय काढणे क्वचित. एका वेळी एक सूचना समजते. दोन-तीन एकत्र दिल्यास पहिलीच लक्षात राहते. दुकानातून तीन वस्तू सांगितल्यास बहुधा एक आणतो, उरलेले पैसे मोजत नाही. वर्तमानपत्रातील मथळे वाचतो, पूर्ण बातमी वाचत नाही.
>
> काम: 2011 ते 2014 छापखान्यात मशीनवर पूर्णवेळ काम केले. आजार वाढल्यावर काम सुटले. 2018 मध्ये औषधाच्या दुकानात 11 दिवस आणि 2021 मध्ये पॅकिंगच्या कामावर तीन आठवडे गेला. दोन्ही ठिकाणी इतर कामगार आपल्यावर लक्ष ठेवतात असे वाटून जाणे बंद केले. त्यानंतर कोणतेही कमाईचे काम नाही. घरात पिण्याचे पाणी भरतो आणि सांगितल्यावर दूध आणतो.
>
> काय जमते: कपडे स्वतः घालतो, शौचास स्वतः जातो, घराजवळच्या ओळखीच्या रस्त्यांवर एकटा जाऊन परत येतो. सकाळी दहापर्यंत झोपतो; त्याच्या डॉक्टरांच्या मते हा औषधाचा परिणाम आहे.
>
> वरील मजकूर अर्जदाराला वाचून दाखवला आहे आणि त्याची संमती आहे. नोंदवही सोबत आणली आहे.
>
> आपली विश्वासू,
> (नाव, अर्जदाराशी नाते, सही, दिनांक, मोबाइल)

‘काय जमतं’ हा परिच्छेद घालू नकोस असं मला दोघा-तिघांनी सांगितलं होतं. टक्के कमी होतील अशी त्यांना भीती होती. मी तो ठेवला. डॉक्टर पहिले दोन प्रश्न नेमके त्यावरच विचारतात, हे पहिल्या वेळी पाहिलं होतं. उत्तर आधीच पत्रात असेल तर ते पुढच्या, खऱ्या अडचणीच्या प्रश्नाकडे वळतात. आणि हा फक्त डावपेचाचा भाग नाही. खोटी माहिती देऊन दिव्यांगांचे लाभ घेणं हा 2016 च्या कायद्याच्या कलम 91 प्रमाणे गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अतिशयोक्ती आणि खोटं यांतली रेघ पुसट असते, म्हणून तिच्या जवळपासही जाऊ नये.

त्याला वाचून दाखवणं

हे टाळू नका. पहिलं पत्र मी भावाला दाखवलंच नव्हतं. मंडळासमोर डॉक्टरांनी त्यातली एक ओळ मोठ्याने वाचली आणि त्याने माझ्याकडे जसं पाहिलं, ते मी विसरू शकत नाही.

दुसऱ्या वेळी मी मसुदा घेऊन त्याच्या शेजारी बसले. ‘तुझ्याबद्दल लिहिलंय, चुकीचं वाटलं तर सांग’ म्हटलं. बराच वेळ तो गप्प होता. मी ‘आंघोळीची आठवण राहत नाही’ असं लिहिलं होतं. तो म्हणाला, ‘ताई, आठवण असते गं. नळ सोडला की त्यात ते बोलतात.’ बारा वर्षांत हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं, त्याच्या डॉक्टरांनाही नाही. पत्रातलं ते वाक्य त्याचं आहे. पुढच्या ओपीडीत आम्ही ते डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा त्यांनी औषधाचा डोस बदलला.

माणसाला वाचून दाखवताना काही शब्द आपोआप गळून पडतात. ‘घाणेरडा राहतो’ हे त्याच्या तोंडावर म्हणता येत नाही. ‘सांगितल्याशिवाय दात घासत नाही’ हे म्हणता येतं. तेच पत्रात राहावं. एखाद्या मुद्द्यावर तुमचं आणि त्याचं पटलं नाही, तर दोन्ही बाजू लिहा: ‘अर्जदाराच्या मते तो रोज आंघोळ करतो, नोंदींनुसार 28 दिवसांत 11 वेळा.’

डॉक्टरांच्या कागदाशी जुळणी

पत्र कितीही चांगलं असलं तरी मंडळ आधी उपचाराची फाइल पाहतं. आमच्या फाइलमध्ये प्रत्येक भेटीला ‘तक्रार नाही, औषधं चालू ठेवा’ एवढंच होतं. चूक डॉक्टरांची नव्हती. दोन मिनिटांच्या भेटीत ते ‘कसं आहे?’ विचारायचे आणि आई दर वेळी ‘बरं आहे’ म्हणायची. आवाज वाढले नाहीत, मारामारी झाली नाही, म्हणजे तिच्या लेखी बरंच होतं.

म्हणून अर्जाच्या दोन-तीन महिने आधीपासून ओपीडीत वहीतल्या नोंदी सांगायला लागा आणि डॉक्टरांना विनंती करा की रोजच्या कामकाजाबद्दल एक ओळ केसपेपरवर लिहावी. ‘आंघोळ व औषधांसाठी देखरेख लागते’ एवढी एक ओळ पुरेशी आहे. तीन भेटींत ती तीनदा आली की तुमच्या पत्राला रुग्णालयाचाच आधार मिळतो. ऐन वेळी डॉक्टरांकडून जोरदार शिफारसपत्र आणण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

अर्ज आणि मंडळाचा दिवस

अर्ज swavlambancard.gov.in या संकेतस्थळावर भरायचा असतो. फोटो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जोडून रुग्णालय निवडायचं; पुढे तपासणीची तारीख मिळते. घरच्यांचं पत्र हा सक्तीचा कागद नाही, ते कुणी मागणार नाही. म्हणून दोन प्रती घेऊन जा. एक फाइलमध्ये केसपेपरच्या लगेच खाली लावा आणि मनोविकारतज्ज्ञांसमोर बसताना ‘रोजच्या अडचणी यात लिहिल्या आहेत’ एवढंच म्हणून द्या. दुसरी तुमच्या हातात राहू द्या, म्हणजे प्रश्न विचारले की घाबरून भलतंच तोंडातून निघणार नाही.

त्या दिवशी आईने भावाला पहाटे उठवून आंघोळ घातली, दाढी करून दिली, इस्त्रीचा शर्ट घातला. पहिल्या वेळीही तिने हेच केलं होतं. परक्यांसमोर मुलगा नीट दिसावा असं कुठल्या आईला वाटणार नाही? मी तिला अडवलं नाही. मुद्दाम मळक्या कपड्यांत नेणं मला त्याहून वाईट वाटतं. पण डॉक्टरांना सांगितलं: ‘आजची आंघोळ आणि दाढी आईने करून दिली आहे.’ त्यांनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं.

प्रश्न भावाला विचारले तर उत्तर त्यालाच देऊ द्या. मध्येच बोलू नका. त्याचं थांबणं, दोन शब्दांत संपवणं, प्रश्न परत विचारावा लागणं, हे सगळं डॉक्टर पाहत असतात. तुम्ही पुढे होऊन बोललात तर त्यांना ते दिसणार नाही. उत्तर चुकीचं वाटलं तर त्याचं बोलून झाल्यावर, त्याच्यासमोरच, पत्रातल्या नोंदीचा हवाला द्या.

निकाल आल्यावर

त्या वेळी बेरीज 13 झाली. चार बाबींचे 2, 2, 2 आणि 3, मुदतीचे 4. टक्के चाळीसच्या वर गेले. यातलं पत्रामुळे किती आणि ट्रंकेतल्या चिठ्ठ्यांमुळे किती, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकते: मुदतीचे दोन गुण पूर्णपणे चिठ्ठ्यांचे. पत्राने डॉक्टरांना नेमके कोणते प्रश्न विचारायचे ते दिलं, गुण त्यांनी स्वतः विचारून दिले.

टक्के कमी आले तर आधी मूल्यमापनाच्या कागदाची प्रत मागा आणि कोणत्या बाबीला किती गुण दिले ते बघा. अर्ज नाकारला असेल तर कारण लेखी मिळायला हवं. निर्णय मान्य नसेल तर कायद्याच्या कलम 59 प्रमाणे अपील करता येतं. पण अपिलात तेच पत्र पुन्हा जोडू नका. कुठली बाब कमी मोजली गेली ते ओळखून त्याच बाबीच्या नव्या नोंदी द्या. आणि गुण बरोबर वाटत असतील, फक्त बेरीज 40 टक्क्यांच्या खाली येत असेल, तर तो निकाल बरोबर असू शकतो हेही मान्य करावं लागतं.

मानसिक आजाराची प्रमाणपत्रं बऱ्याचदा तात्पुरती असतात; मुदत त्यावरच छापलेली असते. पत्राची आणि वहीची प्रत जपून ठेवा, पण पुढच्या वेळी तारीख बदलून तेच पत्र देऊ नका. महिनाभर नवी वही, मग नवं पत्र. डोस बदलल्यापासून माझा भाऊ दूध न सांगता आणतो, आठवड्यातले पाच-सहा दिवस. पुढच्या पत्रात ‘सांगितल्यावर दूध आणतो’ ही ओळ खोडून ते लिहायचं आहे.